मुलांचा इमोजी वाढदिवस: निमंत्रण, सजावट आणि केक यांची आखणी

इमोजींची संख्या आता तीन हजारांच्या पुढे गेली आहे आणि हा विषय घेऊन वाढदिवस करायला निघालेल्या पालकांचा गोंधळ बहुधा तिथेच सुरू होतो. बाजारात गेले की फुग्यांवर एक चेहरा दिसतो, कागदी ताटल्यांवर दुसराच असतो, केकवाला मोबाइलमधून तिसरा दाखवतो आणि सगळे घेऊन घरी आल्यावर खोली नुसती पिवळी दिसते. म्हणून खरेदीच्या आधी कागद-पेन्सिल घेऊन बसावे आणि मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन फक्त सहा चेहरे निवडावेत. तेच सहा चेहरे निमंत्रणावर, भिंतीवर, फुग्यांवर आणि केकवर यावेत, म्हणजे सगळ्याचा मेळ आपोआप बसतो.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे. अन्वी नावाची मुलगी आठ वर्षांची होणार आहे. कार्यक्रम रविवारी, 12 जुलै रोजी, पुण्यातील एका सोसायटीच्या तळमजल्यावरील हॉलमध्ये आहे आणि 16 मुले व 14 मोठी माणसे येणार आहेत. आपली संख्या वेगळी असेल तर त्या प्रमाणात आकडे बदलून घ्यावेत.

सहा चेहरे निवडताना

चेहरा दुरून ओळखू आला पाहिजे आणि कात्रीने कापता आला पाहिजे, या दोन कसोट्या पुरेशा आहेत. अन्वीसाठी निवडलेले सहा चेहरे असे आहेत: मोठे हसू असलेला 😀, डोळ्यांच्या जागी बदाम असलेला 😍, गॉगलवाला 😎, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला 😂, एक डोळा मिटून जीभ काढणारा 😜 आणि झोपलेला 😴. या सहाही चेहऱ्यांना पिवळे वर्तुळ सामाईक आहे आणि त्यापलीकडे काळा, लाल, पांढरा, गुलाबी व थोडा निळा एवढेच रंग लागतात. हलके स्मित, ओशाळलेले हसू, भुवया किंचित उंचावलेला चेहरा असे सूक्ष्म भाव फोनवर छान दिसतात, पण दहा फुटांवरून ते सगळे सारखेच वाटतात.

मुलांच्या यादीत हसऱ्या शेणाचा इमोजी हमखास असतो. तो घ्यायचा की नाही, हे घरच्यांनी ठरवावे. माझे मत विचाराल तर तो खेळात किंवा मुलांना द्यायच्या स्टिकरमध्ये चालतो, जेवणाच्या टेबलावर मात्र नको, कारण आजी-आजोबांच्या चेहऱ्यावरचे भाव मग वेगळेच होतात. तसेच बाजारातील तयार स्टिकरचे संच घेताना सगळी पाने उलटून पाहावीत. मोठ्यांच्या गप्पांत वेगळ्या अर्थाने वापरली जाणारी काही चित्रे त्यांत सरसकट छापलेली असतात.

निमंत्रण

निमंत्रण दहा ते बारा दिवस आधी पाठवावे. त्याहून लवकर पाठवलेला संदेश इतर संदेशांखाली गाडला जातो आणि उशिरा पाठवला तर शाळकरी मुलांचा रविवार दुसऱ्याच वाढदिवसाने अडवलेला असतो. वर्गातील निवडकच मुलांना बोलवायचे असेल तर वर्गाच्या समूहावर संदेश टाकू नये, प्रत्येक पालकाला स्वतंत्र पाठवावा.

इमोजी निमंत्रणात एक पथ्य कटाक्षाने पाळावे. चिन्हे शोभेसाठी असावीत, माहितीच्या जागी असू नयेत. तारीख, वार, वेळ, पत्ता आणि संपर्क हे सर्व शब्दांत आणि अंकांत लिहिलेले असावे. याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. कॅलेंडरचा इमोजी बहुतेक फोनवर 17 जुलै ही तारीख दाखवतो, म्हणूनच 17 जुलै हा जागतिक इमोजी दिन म्हणून 2014 पासून पाळला जातो. अन्वीचा वाढदिवस 12 जुलैला असताना निमंत्रणात ते चिन्ह टाकले, तर घाईत वाचणाऱ्याची नजर अक्षरांऐवजी त्या चित्रावर जाईल आणि तो पाच दिवस उशिरा दारात उभा राहील. घड्याळाचे चिन्हही एवढे बारीक असते की त्यातला काटा कोणाला धड दिसत नाही.

दुसरी अडचण फोनच्या वयाची आहे. अलीकडच्या काळात आलेले इमोजी जुन्या फोनवर रिकाम्या चौकोनासारखे दिसतात. आजोबांचा फोन सहा-सात वर्षांचा असेल तर आपण उत्साहाने टाकलेली पाच चिन्हे त्यांना पाच डबे म्हणून दिसतात. वर निवडलेले सहा चेहरे जुने आणि सर्वत्र रुळलेले असल्यामुळे त्यांची काळजी नाही. एकच चिन्ह वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर थोडे वेगळे दिसते, हेही ध्यानात ठेवावे. सगळ्यांना नेमके तेच चित्र दिसावे असे वाटत असेल तर निमंत्रण चित्राच्या स्वरूपात तयार करून पाठवावे आणि त्याखाली मजकूर पुन्हा साध्या अक्षरांत लिहावा, म्हणजे पत्ता नकाशात टाकण्यासाठी उचलून घेता येतो.

मुलांसाठीचा मजकूर खेळकर असावा. उदाहरणार्थ:

"😎 ऐका, ऐका! 😎
आपली अन्वी आठ वर्षांची होणार!
हसायचं 😂, खेळायचं 😜 आणि भरपूर केक खायचा 😍.
पिवळा, काळा किंवा लाल रंगाचा कपडा घालून या आणि येताना तुमचा सगळ्यात मजेदार चेहरा सोबत आणा.
रविवार, 12 जुलै
संध्याकाळी 5 ते 7.30
सोसायटीचा हॉल, तळमजला (पूर्ण पत्ता येथे लिहावा)
झोपाळूंनी 😴 दुपारीच झोप काढून यावे!
येणार असल्यास 8 जुलैपर्यंत आईला कळवा (दूरध्वनी क्रमांक येथे लिहावा)."

नातेवाइकांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी मजकूर वेगळा असावा. खेळकर संदेश आत्याबाईंना किंवा सोसायटीच्या ज्येष्ठ सभासदांना जसाच्या तसा पाठवला तर आपल्याला नीट बोलावले नाही, अशी त्यांची भावना होऊ शकते. त्यांच्यासाठी असे लिहिता येईल:

"सस्नेह नमस्कार 🙏
आमची कन्या चि. अन्वी हिचा आठवा वाढदिवस रविवार, दि. 12 जुलै रोजी साजरा करण्याचे योजिले आहे. तरी आपण सायंकाळी 5.30 वाजता सहकुटुंब उपस्थित राहून अन्वीस शुभाशीर्वाद द्यावेत, ही आग्रहाची विनंती.
स्थळ: सोसायटीचा हॉल, तळमजला (पूर्ण पत्ता)
औक्षण सायंकाळी 6 वाजता होईल. त्यानंतर अल्पोपहार.
आपली उपस्थिती हाच आहेर. कृपया भेटवस्तू आणू नये.
आपले स्नेहांकित, (आई-वडिलांची नावे)"

येथे एकच चिन्ह आहे आणि तेवढेच शोभते. मुलांना पाच आणि मोठ्यांना साडेपाच अशी वेळ मुद्दाम दिली आहे. पहिल्या अर्ध्या तासात मुले खेळात रमतात आणि मोठी माणसे आल्यावर थेट औक्षणाकडे वळता येते. मुलांच्या पालकांशी बोलताना शेंगदाणे, काजू, अंडे किंवा दूध यांपैकी काही वर्ज्य आहे का, हे आवर्जून विचारावे. जुलैमध्ये आषाढ-श्रावणामुळे अनेक घरांत अंडे बंद असते, त्यामुळे केक बिनअंड्याचा ठेवणे सोयीचे ठरते.

छापील पत्रिका हवी असेल तर छापखान्यात मजकूर टाइप केलेल्या फाइलऐवजी चित्र किंवा `PDF` स्वरूपातील फाइल द्यावी. मजकुरातील इमोजी छापखान्याच्या संगणकावर उघडताना चौकोन होतात किंवा काळे-पांढरे दिसतात, हा नेहमीचा अनुभव आहे. पत्रिकेवर चकाकते प्लॅस्टिकचे वेष्टन मात्र घालू नये. 1 जुलै 2022 पासून देशभर लागू झालेल्या एकल वापराच्या प्लॅस्टिकवरील बंदीत निमंत्रणपत्रिकेभोवतीच्या प्लॅस्टिकच्या पातळ वेष्टनाचाही समावेश आहे.

सजावट

याच बंदीच्या यादीत फुग्यांना लावायच्या प्लॅस्टिकच्या काड्या, सजावटीसाठीचा थर्माकोल, प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे आणि 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलक येतात. दुकानांत यांतील काही वस्तू अजूनही दिसतात, पण त्या घेण्याची गरज पडत नाही, कारण इमोजीची सजावट मुळात कागदाची आहे.

सुरुवात भिंतीपासून करावी. आपल्याकडच्या भिंती बहुधा पांढऱ्या, फिक्या पिवळ्या किंवा बदामी असतात. अशा भिंतीवर पिवळे फुगे आणि पिवळे चेहरे विरून जातात आणि छायाचित्रात तर ते दिसतच नाहीत. म्हणून केकच्या टेबलामागे गडद निळ्या रंगाची, नक्षी नसलेली चादर ताणून लावावी. चादर आदल्या दिवशी इस्त्री करून घ्यावी, कारण घडीच्या रेघा छायाचित्रात फार ठळक येतात. हॉलच्या भिंतीवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावू नये, ती काढताना डिस्टेंपरचे पापुद्रे निघतात आणि सोसायटीकडून अनामत रक्कम परत मिळताना वाद होतो. रंगकाम करणारे वापरतात ती कागदी मास्किंग टेप हलक्या वस्तूंना पुरते. चादरीसाठी खिडकीच्या गजांना किंवा पडद्याच्या दांडीला दोरी बांधून तिच्यावर चिमटे लावावेत.

आता चेहरे. दुकानात मिळणारी मोठी पिवळी कार्डशीट साधारण 22 इंच रुंद आणि 28 इंच लांब असते. तिच्यात नऊ इंच व्यासाची सहा वर्तुळे बरोबर बसतात, तीन ओळींत दोन-दोन. दहा इंचांची काढायला गेले तर अशा ओळींत चारच बसतात आणि उरलेला कागद वाया जातो. म्हणून नऊ इंचांची ताटली उलटी ठेवून वर्तुळे आखावीत. दोन कार्डशीटमध्ये बारा वर्तुळे होतात, म्हणजे प्रत्येक चेहरा दोनदा येतो आणि चादरीचा मधला भाग भरायला तेवढे पुरते.

वर्तुळावर नाक-डोळे अंदाजाने चिकटवले की चेहरा लगेच विचित्र दिसू लागतो आणि नेमके काय चुकले ते कळत नाही. बहुतेक वेळा डोळे फार वर आणि फार लांब गेलेले असतात. त्यासाठी पेन्सिलने मधोमध एक आडवी आणि एक उभी फिकी रेघ मारून घ्यावी. मोठ्या हसूच्या चेहऱ्याला काळ्या कागदाचे दोन लांबट डोळे कापावेत, प्रत्येक एक इंच रुंद आणि दीड इंच उंच. त्यांची खालची कड आडव्या रेघेला टेकलेली असावी आणि दोन्ही डोळ्यांच्या मध्यबिंदूंमध्ये तीन इंच अंतर असावे. तोंडासाठी पाच इंच व्यासाचे वर्तुळ अर्धे कापावे आणि त्याची सरळ कड वर ठेवून आडव्या रेघेच्या एक इंच खाली चिकटवावे. तोंडाच्या वरच्या भागात दातांची अर्धा इंच रुंदीची पांढरी पट्टी आणि तळाशी लाल जिभेचा छोटा अर्धगोल लावला की चेहरा पूर्ण होतो. बदामी डोळ्यांसाठी दोन इंचांचे लाल बदाम घ्यावेत. गॉगलची वरची कड सरळ आणि खालची गोलसर ठेवावी. पाणी आलेल्या चेहऱ्याला फिक्या निळ्या कागदाचे दोन थेंब गालांवर लावावेत, ते वर्तुळाच्या बाहेर थोडे आले तरी चालतात, उलट तसेच छान दिसतात. पातळ डिंकाने कार्डशीट फुगते आणि पावसाळ्यात तर तिच्या कडा वळतात, त्यामुळे कांडीचा गोंद वापरावा आणि सगळे चेहरे रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवावेत.

फुग्यांच्या बाबतीत धातूसारखी चकाकी असलेले फुगे टाळावेत, कारण त्यांच्यावर शाई नीट बसत नाही आणि बोट लागले की पुसली जाते. साधे, अपारदर्शक पिवळे फुगे घ्यावेत. पन्नास फुगे पुरेसे आहेत: तीस पिवळे, दहा लाल आणि दहा काळे. बारा इंचांचा फुगा पूर्ण फुगवला की तो पेरूसारखा लांबट होतो आणि इमोजीला तर गोल चेहरा हवा असतो. म्हणून तो नऊ-साडेनऊ इंचांवर थांबवावा. तेवढ्या मापाचे गोल छिद्र पुठ्ठ्यात कापून त्यातून फुगा जाऊ दिला की सगळे एकसारखे होतात. थोडी हवा कमी असलेला फुगा उकाड्यात फुटतही नाही.

चेहरा नेहमी फुगवल्यानंतर काढावा. आधी काढून मग फुगवले तर रबर ताणल्याबरोबर काळी रेघ करडी आणि विरळ होते. न पुसली जाणारी शाई असलेला मार्कर तिरका धरून हलक्या हाताने फिरवावा, टोक दाबून ठिपका देऊ नये. काढल्यावर दोन-तीन मिनिटे फुग्याला हात लावू नये. तीसही फुग्यांवर चेहरे काढण्याचा हट्ट धरू नये. बारा फुग्यांवर काढले तरी भरपूर होतात, बाकीचे साधेच राहू द्यावेत, नाहीतर डोळ्यांना कुठे विसावाच मिळत नाही. फुगे कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच फुगवावेत. आदल्या रात्री फुगवलेल्या फुग्यांची चमक जाऊन ते धुरकट दिसू लागतात.

प्रकाशाकडे कोणी सहसा लक्ष देत नाही. हॉलमध्ये पिवळसर दिवे असतील तर त्यांच्या उजेडात पिवळा कागद पांढुरका दिसतो. टेबलावर उजेड पडेल असा एक पांढरा एलईडी दिवा लावला तरी रंग खुलतात. संध्याकाळी पाचच्या सुमारास हॉलमध्ये जाऊन मोबाइलवर एक छायाचित्र काढून पाहावे, म्हणजे दिव्याची गरज आहे की नाही ते लगेच समजते.

येणाऱ्यांत दोन-तीन वर्षांची भावंडे असतील तर फुटलेल्या फुग्यांचे तुकडे लगेच उचलण्याचे काम एका मोठ्या माणसाकडे सोपवावे. न फुगवलेला फुगा किंवा त्याचा तुकडा तोंडात गेला तर तो श्वासनलिकेवर बसतो आणि पटकन निघत नाही. आठ वर्षांखालील मुलांच्या हातात न फुगवलेले फुगे देऊच नयेत.

केक

इमोजी केक दिसायला सोपा वाटतो, कारण त्यात एक पिवळा गोल आणि त्यावर तीन-चार आकार एवढेच असते. बिघडतो तो नेमका काळ्या रंगावर. आपल्याकडच्या बहुतेक बेकऱ्यांमध्ये व्हिप्ड क्रीमचा केक मिळतो. पांढऱ्या क्रीममध्ये काळा रंग मिसळला की ते आधी करडे होते. ते पुरेसे काळे करण्यासाठी आणखी रंग घालावा लागतो आणि मग ते कडू लागते, मुलांची जीभ-दात काळे होतात, आणि फ्रिजमधून बाहेर काढल्यावर हवेतले बाष्प केकवर साचून तो काळा रंग पिवळ्यात पाझरू लागतो. पावसाळ्यात हे अर्ध्या तासात घडते. हसरा चेहरा मग काजळ फिसकटल्यासारखा दिसतो. फॉन्डंटचे, म्हणजे साखरेच्या मऊ लगद्याचे आकारही फ्रिजमध्ये ठेवले की बाहेर आल्यावर चिकट होऊन रंग सोडतात.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे डोळे, गॉगल आणि तोंड डार्क चॉकलेटचे करणे. ते मुळातच जवळजवळ काळे असते, त्यात रंग घालावा लागत नाही आणि चवही चांगली असते. केक बेकरीतून घेणार असाल तर मागणी नोंदवताना असे लिहून द्यावे: "केक गोल, वरून सपाट, पिवळा. काळा भाग क्रीमचा नको, डार्क चॉकलेटचा हवा आणि तो केक नेण्याच्या वेळी लावावा किंवा वेगळा डब्यात द्यावा." सोबत कोणत्या चेहऱ्याचा केक हवा त्याचे चित्र द्यावे. मुलीचे नाव केकवर न लिहिता केकखालच्या पुठ्ठ्यावर लिहायला सांगावे, चेहऱ्याच्या कपाळावर नाव आले की इमोजी बिघडतो. नाव देवनागरीत हवे असेल तर ते कागदावर सुवाच्य लिहून द्यावे. फोनवरून सांगितलेल्या नावाच्या वेलांट्या वाटेल तिथे जातात.

मापाविषयी: तीस माणसांना प्रत्येकी साठ-सत्तर ग्रॅम धरले तर दोन किलो केक लागतो. पण दोन किलोचा एकच मोठा केक घेण्यापेक्षा एक किलोचा गोल केक आणि अठरा कपकेक असे विभागून घेणे मला जास्त पसंत आहे. किलोचा केक कापण्यासाठी आणि चौदा मोठ्या माणसांसाठी पुरतो, आणि सोळा मुलांना प्रत्येकी एक अख्खा चेहरा हातात मिळतो. डोळा कोणाला आणि जीभ कोणाला, हा वाद मग होत नाही. दोन कपकेक जास्तीचे, कारण एक तरी खाली पडतोच.

कपकेक घरी सजवणे नवख्यालाही जमते. कपकेक बेकरीतून बिनसजावटीचे आणावेत किंवा घरी भाजावेत, पण आतला केक व्हॅनिला किंवा अननसाचा असावा. चॉकलेट केकचे तपकिरी कण पिवळ्या क्रीममध्ये मिसळून डाग दिसतात. अठरा कपकेकना प्रत्येकी वीस ग्रॅम या हिशेबाने साधारण 400 ग्रॅम क्रीम घ्यावे, म्हणजे थोडे हाताशी उरते. ते थंडगार भांड्यात, टोके उभी राहतील इतपत फेटावे आणि मग त्यात पिवळा जेल रंग घालावा. पाण्यासारखा पातळ रंग घेऊ नये, त्याने क्रीम सैल पडते. बाटलीवर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक पाहून घ्यावा, सुट्या पुडीतला रंग अजिबात वापरू नये.

रंग दातकोरणीच्या टोकाने थोडा थोडा घालावा. नुसता लिंबू-पिवळा रंग किंचित हिरवट दिसतो. त्यात नारिंगी रंगाचा अगदी कणभर अंश मिसळला की इमोजीचा ऊबदार पिवळा रंग येतो. हव्या त्या छटेच्या थोडे अलीकडेच थांबावे, कारण अर्धा-पाऊण तास ठेवल्यावर रंग आपोआप गडद होतो. हंगाम असेल तर आमरसाने रंग आणण्याचा मोह होतो आणि चव खरोखरच उत्तम येते, पण रस पातळ असेल तर क्रीम वाहू लागते, म्हणून तो आधी मंद आचेवर आटवून पूर्ण गार करूनच घालावा. हे क्रीम सपाट सुरीने कपकेकवर पसरावे आणि मधोमध डोंगर होऊ देऊ नये. वरचा पृष्ठभाग सपाट असला तरच चेहरा बसतो.

चॉकलेटचे डोळे आणि तोंडे आदल्या दिवशी करून ठेवावीत. शंभर-सव्वाशे ग्रॅम डार्क कंपाउंड चॉकलेटचे बारीक तुकडे कोरड्या वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवावी. वाटीत पाण्याचा एक थेंबही जाऊ देऊ नये, तो गेला की चॉकलेट एकदम घट्ट होऊन त्याचे गोळे बनतात आणि मग ते सुधारत नाही. कागदावर कपकेकच्या मापाने डोळे व तोंडाचे आकार काढून त्यावर बटर पेपर ठेवावा. वितळलेले चॉकलेट बटर पेपरच्या शंकूत भरून, त्याचे टोक अगदी बारीक कापून, खालच्या रेघांवरून आकार भरत जावेत. ते दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवले की कागदापासून अलगद सुटतात. अठरा चेहऱ्यांना पुरतील त्याहून आठ-दहा आकार जास्त करावेत, कारण पातळ आकार उचलताना मोडतात. सगळे डब्यात घालून ठेवावेत आणि कपकेकवर कार्यक्रमाच्या तासभर आधीच लावावेत. लाल बदाम आणि जीभ यांसाठी पांढऱ्या कंपाउंड चॉकलेटला लाल रंग देता येतो, मात्र तो रंग तेलात मिसळणारा, खास चॉकलेटसाठीचा असावा लागतो. तो मिळाला नाही तर जिभेसाठी चेरीची पातळ फोड ठेवावी.

मेणबत्ती कुठे लावायची, हे आधीच ठरवून ठेवावे. चेहऱ्यावर आठ मेणबत्त्या खोचल्या की इमोजीचा साळिंदर होतो आणि मेण थेट डोळ्यात पडते. आठच्या आकड्याची एकच मेणबत्ती एका वेगळ्या कपकेकमध्ये लावून तो कपकेक केकशेजारी ठेवावा. फुंकर त्या कपकेकवर पडते आणि सगळ्यांनी खायचा केक स्वच्छ राहतो. ज्यांच्या घरी वाढदिवसाला ज्योत विझवणे मानत नाहीत, त्यांनी मेणबत्तीऐवजी औक्षणाचे निरांजन ठेवून फक्त केक कापावा, थीम त्याने काही बिघडत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी

हॉल दुपारी दोनपासून रात्री नऊपर्यंत घ्यावा. दोन ते चार या वेळात चादर, चेहरे आणि फुगे लावून होतात. केक पाच वाजेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवावा आणि टेबलावर साडेपाचनंतरच आणावा. मुले त्याआधी आली तर त्यांच्यासाठी एकच खेळ पुरतो. सहा चेहऱ्यांच्या चिठ्ठ्या एका डब्यात ठेवायच्या, एकाने चिठ्ठी उचलून न बोलता तसा चेहरा करायचा आणि बाकीच्यांनी भिंतीवरच्या बारा चेहऱ्यांपैकी योग्य चेहऱ्याकडे धावत जाऊन त्याला हात लावायचा. भिंतीवरचे चेहरे यासाठी मुलांच्या हाताला लागतील एवढ्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून तीन ते चार फुटांच्या पट्ट्यात लावलेले असावेत. केकचे टेबल मात्र खेळ संपेपर्यंत बाजूला ठेवावे आणि सहा वाजता औक्षणाच्या वेळी चादरीसमोर सरकवावे.

औक्षणासाठी पाट, निरांजन, अक्षता, सुपारी आणि अंगठी असलेले ताम्हण आधीच तयार ठेवावे. केक कापण्याच्या वेळी फवाऱ्यातून उडवायचा फेस किंवा खोटा बर्फ कोणी आणला तर तो नम्रपणे काढून घ्यावा. त्या डब्यांतील वायू पेट घेणारा असू शकतो आणि जवळ मेणबत्ती किंवा निरांजन असताना भडका उडू शकतो. केक कापण्यापूर्वी चॉकलेटचे डोळे व तोंड उचलून ताटलीत ठेवावे, नाहीतर सुरी चॉकलेटवर अडकून केक खचतो. खाण्याचे पदार्थ नेहमीचेच असू द्यावेत. वेफर्स, बटाटेवडा, सँडविच आणि सरबत यांच्यावर चेहरे काढत बसण्यात काही अर्थ नाही, फार तर गोल पुऱ्यांवर टोमॅटो केचपचे दोन ठिपके व एक हसू काढावे, ते मुलांनाच काढू द्यावे.

परत जाताना मुलांना द्यायची भेट वेगळी विकत आणण्याची गरज नाही. भिंतीवरचे बारा चेहरे आणि चेहरे काढलेले फुगे मुले स्वतःहूनच मागतात. सोळा मुले आणि बारा चेहरे असल्यामुळे चार चेहरे कमी पडतात, म्हणून कार्डशीट विकत घेतानाच दोनऐवजी तीन घ्याव्यात आणि उरलेली सहा वर्तुळेही सजवून बाजूला ठेवावीत.